फॉरवर्डचा तोटा मार्चच्या नफ्यातून का वजा झाला?
(रत्नागिरी आणि परिसरातील निर्यातदार व आयातदार ग्राहकांसाठी)

दरवर्षी एप्रिलमध्ये फॉरवर्ड करारांचे 31 मार्चचे मूल्य कळवणारे बँकेचे मार्क-टू-मार्केट पत्र हाती आले की आमच्या कार्यालयात एकच प्रश्न येतो: माल अजून गेला नाही, पैसे आलेले नाहीत, करार तर नुकसान टाळण्यासाठीच केला होता, मग त्याचा तोटा या वर्षीच्या नफ्यातून का वजा केला? उत्तर बहुतेक वेळा एका न लिहिलेल्या कागदात असते.

समजा, आपल्याला फेब्रुवारीत गोठवलेल्या कोळंबीची 1,00,000 डॉलरची ऑर्डर मिळाली. माल एप्रिलअखेर जाणार आणि पैसे 31 मे रोजी येणार, म्हणून आपण त्याच तारखेसाठी 84.50 रुपये दराने डॉलर विकण्याचा फॉरवर्ड केला. 31 मार्चला त्याच मुदतीचा दर 85.30 झाला, म्हणजे कराराचा तोटा 80,000 रुपये (मुदत थोडी असल्याने येथे व्याजाचा हिशोब सोडला आहे). विक्री मात्र अजून वहीत आलेलीच नाही. इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्सने डेरिव्हेटिव्ह करारांविषयी 2015 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक टिपणानुसार असा करार ताळेबंदात त्या दिवशीच्या मूल्याने दाखवावाच लागतो, आणि हेज अकाउंटिंग, म्हणजे करार आणि ज्या विक्रीसाठी तो केला ती यांचा हिशोब जोडून ठेवण्याची पद्धत, निवडलेली नसेल तर तो फरक थेट नफा-तोटा खात्यात जातो. परिणामी तोटा या वर्षी आणि ज्या विक्रीसाठी करार केला ती पुढच्या वर्षी, अशी जोडी तुटते.

हेज अकाउंटिंग निवडले असेल तर हे 80,000 रुपये ताळेबंदातील राखीव निधीत हेज रिझर्व्हमध्ये थांबतात. 30 एप्रिलला माल गेला तेव्हा रोखीचा दर 85.20 आणि मेअखेरचा फॉरवर्ड दर 85.50 होता असे धरू. विक्री 85,20,000 रुपयांनी नोंदली जाते, कराराचा तोवरचा 1,00,000 रुपयांचा तोटा रिझर्व्हमधून काढून त्याच विक्रीतून वजा होतो आणि विक्री 84,20,000 रुपये दिसते. त्यानंतर येणे रक्कम आणि करार या दोन्हींचे फरक नफा-तोटा खात्यातच जातात. 31 मे रोजी रोखीचा दर 85.00 राहिला, तर येणे रकमेवर 20,000 रुपये तोटा होतो, करारावर 50,000 रुपये परत मिळतात आणि निव्वळ 30,000 रुपये जमा होतात. एकूण 84,50,000 रुपये, म्हणजे करारातला 84.50 चाच दर. हेज अकाउंटिंगने एक रुपयाही जास्त येत नाही. कोणत्या वर्षी काय दिसेल एवढेच बदलते. पण कर्जाच्या नूतनीकरणासाठी बँक मार्चचाच ताळेबंद पाहते, हे आपण जाणताच.

आता हेज अकाउंटिंगसाठी लागणारा तो कागद. करार कोणत्या विक्रीसाठी आहे, किती डॉलर, कोणत्या महिन्यात, कोणती जोखीम आणि करार तिला पुरेसा जुळतो की नाही हे कसे तपासणार, एवढे एका पानावर करार करतानाच लिहून सही करावी लागते. हे मार्चमध्ये मागील तारीख टाकून करता येत नाही. अनेक ग्राहकांना हा आमचा हट्ट वाटतो. परंतु बँकेच्या करारपत्रावर तारीख असते, आपल्या ई-मेलवर असते, आणि लेखापरीक्षक आधी त्या तारखाच पाहतात. उशिरा लिहिलेला कागद त्या दिवसापासून पुढे चालतो, आधीचा फरक वाचवत नाही.

लिहिताना एकाच बीजकाचा क्रमांक देऊ नये. 'एप्रिलमध्ये जाणाऱ्या कोळंबीच्या विक्रीपैकी पहिले 1,00,000 डॉलर' असे लिहिल्यास एखाद्या खरेदीदाराने माल पुढे ढकलला तरी दुसऱ्याच्या मालाने जोडी टिकते. मात्र एकूण निर्यातच 70,000 डॉलरची झाली आणि उरलेली विक्री होणारच नाही हे स्पष्ट झाले, तर त्या 30,000 डॉलरचा रिझर्व्हमधला भाग लगेच नफा-तोटा खात्यात जातो. त्याला इलाज नाही, म्हणून हमखास होणाऱ्या विक्रीपेक्षा जास्त रकमेचा करार करू नये. आफ्रिकेतून कच्चा काजू आणणाऱ्यांसाठी दिशा उलटी, परंतु कागद हाच.

बीजक निघाल्यानंतर केवळ येणे रकमेसाठी फॉरवर्ड घेतला असेल तर एवढा खटाटोप नको. तेथे लेखा मानक 11 लागू होते आणि करारातला प्रीमियम मुदतीवर विभागला जातो. इंड एएस ही वेगळी लेखा मानके लागू असलेल्या कंपन्यांचे नियम वेगळे आहेत. त्यांनी स्वतंत्रपणे विचारावे.

या पानाचा मराठी नमुना आमच्याकडे विनामूल्य मिळतो. करार झाला त्याच दिवशी बँकेची पावती आणि ऑर्डरची प्रत पाठवल्यास आम्ही पान भरून सहीसाठी परत पाठवतो आणि दर महिनाअखेरीस बँकेच्या दराशी ताडून पाहतो. मासिक हिशोबाच्या ग्राहकांकडून याचे वेगळे शुल्क घेतले जात नाही. मार्चनंतर वर्षभराचे करार एकत्र आणणाऱ्यांकडून मात्र घ्यावे लागते.