स्वस्त मालाने मजुरी कुठे पडते? घटक-विपुलता सिद्धांताची पार्श्वभूमी

स्वीडनमध्ये १९१९ साली एक लेख आणि १९३३ साली एक ग्रंथ, अशा दोन टप्प्यांत हा सिद्धांत आकाराला आला. ज्या देशात भांडवलाच्या मानाने मजूर जास्त, तो श्रमप्रधान माल निर्यात करील, असं तो सांगतो. मजुरांची एकूण संख्या इथे गौण आहे. एका मजुरामागे भांडवल किती, हे पाहायचं.

मजुरीचा हिशेब १९४१ मध्ये मांडला गेला. तो लेख एका प्रतिष्ठित नियतकालिकाने आधी परत पाठवला होता. समजा, भांडवलसंपन्न देशात परदेशी कापड येऊन कापडाचा भाव १० टक्क्यांनी पडला आणि यंत्रांचा भाव तसाच राहिला. कापडाच्या खर्चात मजुरी दोन तृतीयांश, यंत्रांच्या खर्चात एक तृतीयांश. दोन्ही धंद्यांत खर्च आणि भाव यांचा मेळ बसायचा, तर मजुरी २० टक्क्यांनी घसरते आणि भांडवलाचा मोबदला १० टक्क्यांनी वाढतो. म्हणजे कापड स्वस्त होऊनही मजूर तोट्यातच. जो घटक दुर्मिळ, त्यालाच फटका.

खरा वाद मात्र १९५३ मध्ये पेटला. अमेरिकेच्या १९४७ च्या आकडेवारीवरून एका अर्थतज्ज्ञाने दहा लाख डॉलरच्या निर्यातीला आणि तेवढ्याच आयातीला पर्याय ठरणाऱ्या मालाला किती भांडवल व किती श्रम लागतात, ते काढलं. निर्यातीत एका मजूर-वर्षामागे सुमारे १४ हजार डॉलरचं भांडवल निघालं, आयात-पर्यायी मालात सुमारे १८ हजार. जगातला सर्वांत भांडवलसंपन्न देश श्रमप्रधान माल विकत होता! कुणी कुशल कामगार वेगळे मोजा म्हणालं, कुणी जमीन आणि खनिजं विसरलात म्हणालं. आयात मोजली होती अमेरिकी उत्पादनपद्धतीने, कारण बाहेरच्या कारखान्यांचे आकडे हाती नव्हते. तंत्रज्ञान सगळीकडे सारखं, असं सिद्धांतच गृहीत धरतो. पण युद्धानंतरच्या जगात ते पटणं कठीण.

१९८० मध्ये एकाने प्रश्नाची मांडणीच बदलली. १९४७ मध्ये अमेरिकेची निर्यात आयातीपेक्षा बरीच जास्त होती, त्यामुळे भांडवल आणि श्रम दोन्ही मालाच्या रूपाने निव्वळ बाहेर जात होते. अशा वेळी निर्यात-आयातीची तुलना फसवी ठरते. देशात काय पिकतं आणि काय खपतं, यांची तुलना करायला हवी. तशी केली की उत्पादन खपापेक्षा अधिक भांडवलप्रधान निघतं आणि विरोधाभास उरत नाही. मला हे उत्तर सर्वांत सरळ वाटतं, तरी तंत्रज्ञानाचं गृहीतक त्याने सुटत नाही.

मजुरीच्या बाजूला अडचण आली मेक्सिकोत. १९८० च्या दशकाच्या मध्यावर बाजार खुला झाल्यावर तिथल्या अकुशल मजुरांना फायदा व्हायला हवा होता. उलट कुशल-अकुशल वेतनातली दरी रुंदावली. एक कारण असं दिलं जातं की संरक्षण सर्वांत जास्त होतं ते अकुशल मजुरांच्याच उद्योगांना, त्यामुळे जकात उतरली तीही तिथेच. शिवाय त्याच सुमारास चीनचा श्रमप्रधान माल जागतिक बाजारात येऊ लागला होता. त्याच्यापुढे मेक्सिको मजूरबहुल देश राहिलाच नाही.