एकदाच चुरडणारा थर : सायकल हेल्मेटची पार्श्वभूमी

सायकलचं हेल्मेट उलटं करून आतल्या गाद्या काढल्या की खाली फोमचा जाड थर दिसतो. तो आपल्या ओळखीचा थर्माकोलच असतो, फक्त खोक्यांत भरून येतो त्याहून घट्ट. हेल्मेट कोणतं घ्यावं, ते डोक्यावर कसं बसावं, त्याला किती भोकं असावीत आणि ते कधी टाकून द्यावं, या चारही प्रश्नांची उत्तरं बरीचशी या थरातच सापडतात. तो हेल्मेटमध्ये आला कसा, हे आधी पाहू.

मे 1935 मध्ये टी. ई. लॉरेन्स हे ब्रिटिश अधिकारी मोटारसायकलवरून पडले आणि डोक्याला मार लागून सहा दिवसांनी वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. हा मृत्यू त्यांच्या मनातून गेला नाही. पुढे युद्धकाळात त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि 1941 मध्ये हेल्मेटच्या उपयोगावर निबंध लिहिला. तोवर हेल्मेट म्हणजे टणक टोपी आणि आत डोकं अधांतरी धरणारे पट्टे, एवढीच कल्पना होती.

खरा बदल अमेरिकेत झाला. हर्मन रॉथ आणि चार्ल्स लोम्बार्ड यांना 1953 मध्ये अशा हेल्मेटचं पेटंट मिळालं, ज्याचं अस्तर आदळल्यावर चुरडतं आणि पुन्हा उसळी मारत नाही. स्पंजासारखं मऊ अस्तर दाबलं जातं आणि लगेच परत ढकलतं. चुरडणारं अस्तर मात्र धक्क्याची ऊर्जा स्वतःच्या मोडण्यात खर्च करतं. 1956 मध्ये पीट स्नेल हा मोटारशर्यतीतला चालक हेल्मेट घालूनही डोक्याला मार लागून गेला. त्याच्या नावाने 1957 मध्ये निघालेल्या संस्थेने हेल्मेट आदळून तपासायची पद्धत बसवली. सायकलस्वार मात्र अजून कातडी पट्ट्यांची जाळीच डोक्यावर चढवत होते. 1975 मध्ये बेल कंपनीने टणक कवच आणि आत थर्माकोल असलेलं सायकल हेल्मेट बाजारात आणलं, आणि आजच्या हेल्मेटचा पाया तिथे पडला.

आता प्रमाणपत्राकडे येऊ. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाचं, म्हणजे सीपीएससीचं, मानक 1999 पासून लागू आहे. त्यात डोक्याच्या आकाराचा सुमारे 5 किलोचा साचा हेल्मेट घालून 2 मीटरवरून सपाट लोखंडावर सोडतात. थांबताना साच्याला बसणारा झटका 300 जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 300 पटींच्या वर जाता कामा नये. युरोपच्या ईएन 1078 या मानकात उंची सुमारे दीड मीटर आणि मर्यादा 250 जी आहे.

हे आकडे कोरडे वाटतात, पण त्यातून एक साधा हिशेब निघतो. 2 मीटर पडलेलं डोकं जितक्या अंतरात थांबतं, त्या अंतराने 2 मीटरला भागलं की सरासरी झटका किती पट बसला ते साधारण कळतं. समजा फोम 25 मिलिमीटर जाड आहे आणि पुरता दबून दगडासारखा होण्याआधी 16 मिलिमीटर चुरडू शकतो. 2000 भागिले 16 म्हणजे 125 जी. ही झाली सरासरी. शिखर त्याहून वर जातं, तरी मर्यादेत राहायला वाव असतो. आता त्याच जागी आधीच्या पडण्यात 8 मिलिमीटर खर्च झाले असतील, तर उरले 8. सरासरीच 250 जीवर पोचते आणि शिखर मर्यादेपलीकडे जातं. डोकं आदळलेलं हेल्मेट बदलावं यामागचं कारण एवढंच आहे.

अडचण अशी की हा खर्च डोळ्यांना दिसत नाही. दबलेला फोम थोडा परत फुगतो आणि वरचं पातळ प्लास्टिक तर जसंच्या तसं उभं राहतं. ओल्या वळणावर मी घसरलो तेव्हा हेल्मेटवर बोटभर ओरखडा होता, बाकी सगळं ठाकठीक. गाद्या काढून उजेडात तिरकं धरलं, तेव्हा कानाच्या वर केसासारखी तडा दिसली. बाजूंना हलकं ताणल्यावर ती उघडली. तडा दिसली नसती तरी मी ते टाकलंच असतं, कारण डोकं आदळलं होतं हे मला माहीत होतं. रिकामं हेल्मेट टेबलावरून पडणं ही वेगळी गोष्ट. 300 ग्रॅमचं हेल्मेट एक मीटर पडलं तर त्यात चाचणीतल्या धक्क्याच्या तिसाव्या भागाइतकीही ऊर्जा नसते. नीट तपासून, तडा नसेल तर वापरायला हरकत नाही.

हवेचा इतिहास म्हणजे फोम कमी करण्याचा इतिहास. 1980 च्या दशकाच्या मध्यावर जिरो कंपनीने कवच काढून टाकून नुसत्या फोमवर कापडी आवरण चढवलं. वजन एकदम उतरलं, पण उघडा फोम रस्त्याला घासून अडकू शकत होता आणि फुटून वेगळा होण्याचा धोका होता. म्हणून पातळ प्लास्टिकचं कवच परत आलं, आणि नंतर फोम थेट त्या कवचातच फुगवून घट्ट जोडला जाऊ लागला. यामुळे मोठी भोकं शक्य झाली. मात्र भोकाच्या जागी फोम नसतो, म्हणून उरलेला फोम जास्त घट्ट करावा लागतो, आणि घट्ट फोम हलक्या धक्क्याला कमी चुरडतो. शिवाय हवा खेळते ती भोकांच्या संख्येने नाही. कपाळाशी आत आलेल्या हवेला डोक्यावरून मागे जायला आतून खोल चर लागतात आणि मागे बाहेर पडायला वाट लागते. घेताना हेल्मेट उलटं करून हे चर पाहावेत. संथ चढावर मात्र वाराच नसतो, तिथे चरही फारसे कामाला येत नाहीत.

हेल्मेट डोक्यावर बसण्याबद्दल अमेरिकी मानकात एक चाचणी आहे, तिच्याकडे कमी लोक बघतात. साच्यावर पट्टा बांधून हेल्मेटच्या कडेला 4 किलोच्या वजनाचा झटका देतात आणि ते निसटतं का पाहतात. दुकानात हेच हाताने करता येतं. कड भुवयांच्या दोन बोटं वर, पट्ट्यांचा इंग्रजी व्ही कानाच्या खाली, हनुवटीखाली एक बोट मावेल एवढी जागा. मग मागच्या कडेखाली हात घालून पुढे ढकलायचं. डोळ्यांवर आलं तर ते नको. मागची चकती फिरवून माप कमी होतं, आकार बदलत नाही. लांबट डोक्यावर गोल हेल्मेट घातलं की कपाळ आणि मागची बाजू दुखते, बाजूंना पोकळी राहते. पंधरा मिनिटं घालून बसल्याशिवाय हे कळत नाही, म्हणून तेवढा वेळ घ्यावाच.

वयाचा प्रश्न जरा वादाचा आहे. उत्पादक सहसा काही वर्षांनी बदला म्हणतात, सीपीएससी पाच ते दहा वर्षं सांगतं. उलट 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वापरलेल्या सायकल हेल्मेटांच्या फोमचे तुकडे दाबून पाहिले, तेव्हा वयाने फोममध्ये लक्षणीय फरक पडलेला दिसला नाही. माझ्या मते फोम वर्षांनी मरत नाही. आजूबाजूच्या गोष्टी थकतात. घामाने पट्टे ताठ होतात, बक्कल सैल चावतं, कवच फोमपासून कडेला सुटतं. उन्हात बंद गाडीच्या काचेमागे राहिलेल्या हेल्मेटच्या कवचावर फुगे येतात; असं हेल्मेट वर्षाचं असलं तरी गेलं. पेट्रोल किंवा थिनरने पुसलेला फोमही तसाच, कारण थर्माकोल त्यात विरघळतो. आतल्या चिकटपट्टीवर बनवल्याचा महिना आणि वर्ष असतं. ती फाटलेली असेल आणि हेल्मेट दुसऱ्याने वापरलेलं असेल, तर ते कधी आदळलं हे समजायला काहीच मार्ग उरत नाही, आणि असं हेल्मेट मी घेत नाही.