उताऱ्याच्या फोटोवरून आकलन-टिपण

छापील आकलन-उताऱ्याचा फोटो काढून त्यातील मजकूर वेगळा करणे आणि त्यावरून मुख्य कल्पना, तिला आधार देणारे तपशील आणि कठीण शब्दांचे सोपे अर्थ असे तीन भागांचे टिपण तयार करणे, या पद्धतीला येथे आकलन-टिपण म्हटले आहे. फोटोत शिरलेली एखादी चूक पुढच्या तिन्ही भागांत पोचते, म्हणून या कामाची खरी सुरुवात वाचनाआधी, फोटोपाशीच होते.

पान सपाट ठेवून फोन त्याला समांतर धरावा आणि हाताची सावली मजकुरावर पडू देऊ नये. जाड पुस्तकात शिवणीजवळ पान वळते, तिथली अक्षरे दबतात आणि ओळींची टोके हरवतात. फोटोतील अक्षरे ओळखण्यासाठी अनेक साधने आहेत. त्यांपैकी टेसरॅक्ट हे सॉफ्टवेअर २००५ पासून मुक्त स्वरूपात उपलब्ध आहे. मराठीची भाषा-फाइल बसवलेली असेल तर ते असे चालवतात:

```
tesseract utara.png utara -l mar
```

निघालेला मजकूर `utara.txt` या फाइलमध्ये मिळतो. तो फोटोशी ओळीने ओळ ताडून पाहावा लागतो. देवनागरीत घ आणि ध, भ आणि म, ब आणि व या जोड्यांची गल्लत होते. अंधूक फोटोत अनुस्वाराचा ठिपका तर सहज गळतो. पान दोन रकान्यांचे असेल तर डाव्या रकान्याची ओळ उजव्या रकान्यातल्या ओळीला जोडली जाऊ शकते. वाक्य मधेच भलतीकडे वळले, की हेच झाले असे समजावे.

उदाहरणादाखल हा छोटा उतारा घेऊ:

“उंट वशिंडात पाणी साठवतो, असे अनेकांना वाटते. खरे तर वशिंडात चरबी असते. चारा मिळेनासा झाला की शरीर ही चरबी वापरते आणि वशिंड एका बाजूला कलंडते. पाण्याची काटकसर मात्र इतर मार्गांनी होते. उंटाची मूत्रपिंडे मूत्र दाट करतात, लेंड्या जवळजवळ कोरड्या असतात आणि दिवसा शरीराचे तापमान वाढू देऊन तो घाम टाळतो.”

समजा, फोटोतून शेवटचे शब्द ‘तो धाम टाळतो’ असे निघाले. ‘धाम’ हा खरा शब्द असल्यामुळे शुद्धलेखन तपासनीस त्याला अडवत नाही. मग कठीण शब्दांच्या यादीत ‘धाम म्हणजे पवित्र स्थान’ अशी नोंद होते आणि तपशिलांतला एक मुद्दा निरर्थक होतो. एखादा शब्द कठीण वाटला तर शब्दकोश उघडण्याआधी फोटोतला तोच शब्द मोठा करून पाहावा, तो याचसाठी.

मुख्य कल्पना काढताना सर्वांत मोठा धोका पहिल्या वाक्याचा असतो. इथे पहिले वाक्य उचलले तर उताऱ्याच्या नेमके उलट विधान हाती लागते, कारण लेखकाने ते खोडण्यासाठीच मांडले आहे. ‘असे अनेकांना वाटते’, ‘खरे तर’, ‘मात्र’ हे शब्द त्याची खूण आहेत. ‘उंट’ किंवा ‘उंटाचे शरीर’ एवढे लिहिणेही पुरेसे नाही. तो झाला विषय. मुख्य कल्पना पूर्ण विधान असते: उंटाचे वशिंड चरबीचा साठा आहे, आणि पाणी वाचवण्याचे काम त्याचे शरीर इतर मार्गांनी करते.

या विधानाला ‘कशावरून?’ असे विचारले की उत्तर देणारी वाक्ये म्हणजे आधारभूत तपशील. चारा नसताना वशिंड कलंडते, हा पहिल्या अर्ध्या भागाचा आधार. दाट मूत्र, कोरड्या लेंड्या आणि टाळलेला घाम हे दुसऱ्या भागाचे. एखादा तपशील या प्रश्नाला उत्तर देत नसेल तर तो निव्वळ ओघात आलेला असतो, किंवा मुख्य कल्पनाच अपुरी लिहिली गेलेली असते. वरील विधानातून पाण्याचा भाग गाळून पाहिला तर शेवटचे तीनही तपशील कशालाच आधार देत नाहीत, आणि चूक विधानात आहे हे लगेच कळते.

शब्दार्थ उताऱ्यातल्या जागेपुरते द्यावेत. वशिंड: पाठीवरचा उंचवटा. कलंडणे: एका बाजूला झुकणे. काटकसर: जपून वापर. मूत्रपिंड: रक्तातील टाकाऊ पदार्थ गाळून मूत्र तयार करणारा अवयव. ‘दाट’ हा शब्द ओळखीचा म्हणून यादीतून सुटतो, पण अडखळायला होते ते तिथेच. दाट जंगलाचा अर्थ इथे चालत नाही; इथे ‘कमी पाणी असलेले’ असे लिहावे लागते. दिलेला अर्थ मूळ शब्दाच्या जागी ठेवून वाक्य मोठ्याने वाचावे. ‘मूत्रपिंडे मूत्र कमी पाण्याचे करतात’ हे वाक्य बसते. ‘मूत्र गर्द करतात’ हे बसत नाही.