गाणे आणि मास्टर : एका तबकडीतल्या दोन मालमत्ता

1987 मध्ये नाइके या बूट बनवणाऱ्या कंपनीने आपल्या जाहिरातीत बीटल्सचे ‘रिव्होल्यूशन’ हे 1968 मधले गाणे मूळ ध्वनिमुद्रणासह वापरले. त्यासाठी तिने दोन ठिकाणांहून परवानगी घेतली होती. ध्वनिमुद्रणाची परवानगी ईएमआय या ब्रिटिश ध्वनिमुद्रण कंपनीच्या कॅपिटल या अमेरिकी शाखेकडून मिळाली आणि गाण्याची मायकेल जॅक्सनकडून. बीटल्सच्या अॅपल कंपनीने याविरुद्ध दावा लावला आणि पुढे तो तडजोडीने मिटला. त्या गाण्यातली एकही मालमत्ता ते रचणाऱ्या आणि वाजवणाऱ्या चौघांच्या हातात नव्हती. ‘बीटल्सची गाणी मायकेल जॅक्सनने विकत घेतली’ असे आजही म्हटले जाते आणि ऐकणाऱ्याला वाटते की त्यांच्या तबकड्याच त्याच्या मालकीच्या झाल्या. प्रत्यक्षात त्याने त्यातली एकच मालमत्ता घेतली होती.

पहिली मालमत्ता म्हणजे रचना, अर्थात शब्द आणि चाल. ती गीतकार-संगीतकाराची असते, पण प्रथेप्रमाणे तो ती एका प्रकाशक कंपनीच्या नावे करतो. दुसरी मालमत्ता म्हणजे त्या रचनेचे एका विशिष्ट दिवशी, विशिष्ट वादकांनी केलेले ध्वनिमुद्रण. ज्या मूळ टेपवरून सर्व प्रती निघतात तिला मास्टर म्हणतात, आणि व्यवहारात हा शब्द त्या ध्वनिमुद्रणावरच्या हक्कासाठीही वापरला जातो. तेच गाणे दुसऱ्या कोणी गायले तर रचनेच्या मालकाला पैसे मिळतात आणि जुन्या मास्टरच्या मालकाला काहीही मिळत नाही. आल्बमच्या पाठीवर किंवा स्ट्रीमिंगच्या पानावर तळाशी वर्तुळातल्या P या खुणेपुढे (℗) जे नाव असते, ते ध्वनिमुद्रणाच्या हक्कदाराचे. शेजारच्या © या खुणेवरून गाण्याचा मालक कळतो असे समजू नये, कारण ती खूण बहुधा मुखपृष्ठ आणि छापील मजकूर यांच्यासाठी असते.

बीटल्सच्या हाती सुरुवातीला इतके कमी पैसे का आले, हे 1962 मध्ये ईएमआयशी झालेल्या करारावरून स्पष्ट होते. दोन बाजूंच्या एका तबकडीमागे त्यांना एक पेनी रॉयल्टी ठरली होती, आणि तीसुद्धा विक्रीच्या 85 टक्क्यांवरच. असा काही भाग वगळण्याची प्रथा शेलॅकच्या ठिसूळ तबकड्यांच्या काळातल्या तुटफुटीपासून चालत आली होती आणि तबकड्या न फुटणाऱ्या झाल्यावरही ती टिकली. त्या वेळी एका पौंडात 240 पेन्स असत. दहा लाख तबकड्या विकल्या गेल्या असे धरले, तर साडेआठ लाख पेन्स म्हणजे सुमारे 3,540 पौंड होतात. त्यातला चौथा हिस्सा व्यवस्थापक ब्रायन एपस्टाईन यांचा. उरलेल्या रकमेचे चार भाग केले की दहा लाख प्रती विकणाऱ्या गटातल्या एकेकाच्या वाट्याला साधारण 664 पौंड येतात. परदेशातल्या विक्रीवर दर याहूनही निम्मा होता. शिवाय करार वाढवण्याचा पर्याय कंपनीकडे होता, म्हणजे तबकड्या कितीही खपल्या तरी तो सोडून बाहेर पडण्याची सोय गटाकडे नव्हती.

आता याच तबकडीतल्या दुसऱ्या मालमत्तेचा हिशेब पाहावा. ब्रिटिश कायद्याने रचनेसाठी किरकोळ किमतीच्या सव्वासहा टक्के रॉयल्टी ठरवून दिली होती. त्या काळी अशी तबकडी सहा शिलिंगांच्या आसपास मिळे आणि एका शिलिंगात बारा पेन्स असत. म्हणजे कर वजा केला तरी रचनेची रक्कम वाजवणाऱ्यांच्या एका पेनीच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त भरे. त्यातला मोठा भाग प्रकाशकाकडे जाई, तरी उरलेली रक्कम लेनन आणि मॅकार्टनी यांना मिळे. रिंगो स्टार आणि सुरुवातीला फारशी गाणी न लिहिणारे जॉर्ज हॅरिसन यांना यातले जवळजवळ काहीच मिळत नसे. एकाच गटातल्या चौघांच्या उत्पन्नात दरी पडली ती येथे.

मात्र रचनेची मालकीही लेनन-मॅकार्टनी यांच्याकडे राहिली नाही. त्यांच्या गाण्यांसाठी 1963 मध्ये नॉर्दर्न साँग्ज ही कंपनी काढली गेली, पण तिचे नियंत्रण प्रकाशक डिक जेम्स यांच्या बाजूला होते. 1965 मध्ये तिचे भाग शेअरबाजारात आले, 1969 मध्ये ती एटीव्ही या ब्रिटिश दूरचित्रवाणी कंपनीकडे गेली, आणि 1985 मध्ये मायकेल जॅक्सनने 4 कोटी 75 लाख डॉलरला एटीव्हीचा संगीत-संग्रह घेतला. त्याने घेतली ती ही मालमत्ता. मास्टर तेव्हाही ईएमआयकडेच होते आणि 2012 मध्ये युनिव्हर्सलने ईएमआयचा ध्वनिमुद्रण व्यवसाय घेतल्यावर ते तिच्याकडे गेले. 1969 मध्ये नवे व्यवस्थापक अॅलन क्लाईन यांनी बीटल्सचा रॉयल्टीचा दर बराच वाढवून घेतला होता, परंतु दर वाढला म्हणून मालकी बदलली नाही.

कंपन्यांचा युक्तिवाद असा की बहुतेक तबकड्या तोट्यात जातात आणि तो धोका कंपनी पत्करते. नवख्या गटाच्या कमी दरामागचे कारण म्हणून मला तो पटतो, पण कायमच्या मालकीचे समर्थन त्यातून होत नाही. अमेरिकी करारांमध्ये आगाऊ रक्कम आणि स्टुडिओचा खर्च कलाकाराच्या रॉयल्टीतून वळता करून घेतला जाई. खर्च पूर्ण फिटला तरी मास्टर कंपनीचेच राहत. कर्ज फेडूनही घर सावकाराच्याच नावावर राहावे, तसा हा व्यवहार होता.

याविरुद्धची लढाई आधी एकेकट्याने लढली गेली. रे चार्ल्स यांनी 1959 मध्ये एबीसी-पॅरामाउंटशी करार करताना मास्टरची मालकी आपल्याकडे येण्याची अट घातली. त्यांच्यामागे विक्रीचा जोर होता म्हणूनच ती मान्य झाली. प्रिन्स यांनी नव्वदच्या दशकात वॉर्नरशी झालेल्या वादात गालावर ‘गुलाम’ या अर्थाचा इंग्रजी शब्द लिहून कार्यक्रम केले आणि 2014 मध्ये जुन्या मास्टरचा हक्क नव्या कराराने मिळवला.

टेलर स्विफ्ट यांच्या प्रकरणात मात्र दोन मालमत्तांमधला भेदच हत्यार ठरला. त्यांच्या पहिल्या सहा आल्बमचे मास्टर बिग मशीन या कंपनीचे होते. 2019 मध्ये ती कंपनी स्कूटर ब्राऊन यांच्या कंपनीला विकली गेली आणि पुढच्या वर्षी ते मास्टर शॅमरॉक या गुंतवणूक कंपनीकडे गेले. स्विफ्ट त्या गाण्यांच्या लेखिका असल्याने रचनेवर त्यांचा अधिकार होता. चित्रपट किंवा जाहिरातीला रचना आणि मास्टर या दोन्हींची परवानगी लागते, त्यामुळे जुने ध्वनिमुद्रण वापरण्यास त्या रचनेच्या बाजूने नकार देऊ शकत होत्या. शिवाय तीच गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित करण्यावर करारात असलेल्या बंदीची मुदत संपताच 2021 पासून त्यांनी त्यांतले चार आल्बम नव्याने गाऊन प्रसिद्ध केले आणि ℗ पुढे त्यांचे स्वतःचे नाव आले. जुने मास्टर त्यांनी अखेर 2025 च्या मे महिन्यात शॅमरॉककडून विकत घेतले.

हा मार्ग सर्वांना खुला नाही. दुसऱ्याची गाणी गाणाऱ्या गायकाकडे नकार देण्याचा अधिकार नसतो, आणि कंपन्याही आता नव्या करारांत अशा बंदीची मुदत वाढवून मागू लागल्या आहेत. अमेरिकी कायद्यात आणखी एक वाट आहे. 1978 पासून दिलेला हक्क 35 वर्षांनी परत मागता येतो, मात्र काम नोकरीचा भाग म्हणून किंवा त्या स्वरूपाच्या कराराखाली केलेले नसावे. 1999 मध्ये उपग्रह दूरचित्रवाणीविषयक एका विधेयकात ध्वनिमुद्रणांना याच अपवादात बसवणारे कलम घातले गेले. डॉन हेन्ली, शेरिल क्रो आदी कलाकारांनी आवाज उठवल्यावर पुढच्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने ते मागे घेतले. तरीही जुन्या करारांत ‘हे काम कंपनीसाठी केले’ अशी ओळ असतेच, आणि तिच्यावर बोट ठेवून कंपन्या मास्टर परत देण्यास आजही विरोध करतात.