एमएसला तीन कोर्स घ्यावेत की चार? एफ-१ व्हिसावर कोर्स सोडण्याआधी हे वाचा

अमेरिकेत एमएसला गेलेल्या मुलांपुढे ऑगस्टमध्ये हमखास येणारा प्रश्न म्हणजे तीन कोर्स घेऊ की चार. सीनियर म्हणतात तीनच घे. घरी हिशोब होतो की चार घेतले तर एक सेमिस्टर आधी डिग्री हातात येईल आणि तेवढ्या महिन्यांचं भाडं वाचेल. दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं आहे. पण मुलं अडकतात ती कोर्स घेताना नाही, सोडताना. म्हणून आधी सोडण्याचे नियम समजून घ्या आणि मग किती घ्यायचे ते ठरवा.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर प्रत्येक नियमित सेमिस्टरला फुल-टाइम असणं बंधनकारक आहे. बॅचलर्ससाठी किमान १२ क्रेडिट हा आकडा नियमातच दिलेला आहे. मास्टर्ससाठी तो विद्यापीठ ठरवतं. बहुतेक ठिकाणी तो ९ असतो, म्हणजे तीन-तीन क्रेडिटचे तीन कोर्स. टीए किंवा आरए, म्हणजे विद्यापीठात शिकवण्याचं किंवा संशोधनाचं सहायक काम असलेल्यांना काही ठिकाणी कमी चालतात. हा आकडा मित्राकडून ऐकू नका, स्वतःच्या विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसकडून घ्या. रजिस्ट्रेशन पोर्टलवर होतं आणि लसीकरणाचा किंवा फीचा होल्ड नसेल तर त्याला फार वेळ लागत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ ऑनलाइन कोर्सचा होतो. प्रत्येक सेमिस्टरला फक्त एक ऑनलाइन कोर्स, म्हणजे तीन क्रेडिट, फुल-टाइमच्या हिशोबात धरला जातो. त्यावर कितीही ऑनलाइन घ्या, डिग्रीला मोजले जातील, व्हिसाला नाही. समजा, नाशिकहून कॉम्प्युटर सायन्स शिकायला गेलेल्या मुलीने चार कोर्स घेतले: अल्गोरिदम्स आणि मशीन लर्निंग वर्गात, क्लाउड आणि डेटाबेस ऑनलाइन. पोर्टलवर १२ क्रेडिट दिसतात. तिला वाटतं एक कोर्स हाताशी जास्तीचा आहे, जड गेला तर सोडता येईल. प्रत्यक्षात व्हिसाच्या हिशोबात ६ आणि ३ मिळून ९च भरतात. ऑक्टोबरमध्ये मशीन लर्निंग झेपेना म्हणून तिने तो सोडला, तर पोर्टलवर ९ दिसतील आणि मोजणीत ६ उरतील. तिथेच स्टेटस, म्हणजे विद्यार्थी म्हणून अमेरिकेत राहण्याचा कायदेशीर दर्जा, धोक्यात येतं. तेच चारपैकी तीन कोर्स वर्गातले असते, तर कुठलाही एक सोडूनही ९ टिकले असते. जास्तीचा कोर्स घ्यायचाच असेल तर तो वर्गातला घ्या.

आता कामाचा अंदाज. अमेरिकेत एका क्रेडिटमागे आठवड्याला एक तास वर्ग आणि किमान दोन तास बाहेरचा अभ्यास धरतात. तीन क्रेडिटच्या कोर्सला ९ तास, तीन कोर्सना २७, चारांना ३६. त्यात कॅम्पसवरची २० तासांची नोकरी मिळवली की चार कोर्सवाल्याचे ५६ तास होतात. स्वयंपाक, कपडे आणि बस हे सगळं याच्या वर. आणि हा कागदावरचा आकडा आहे. प्रोजेक्टचा कोर्स यापेक्षा कितीतरी जास्त खातो. म्हणून कोर्सच्या नावावर जाऊ नका, सिलॅबस उघडा. किती असाइनमेंट आहेत, मिडटर्म कुठल्या आठवड्यात आहे, प्रोजेक्ट सबमिशन दुसऱ्या कोर्सच्या परीक्षेवर येतंय का, हे एका कागदावर आठवड्यानुसार मांडा. एकाच आठवड्यात तीन मोठ्या गोष्टी येत असतील तर चौथा कोर्स नकोच. चार घेतलेच असतील तर सगळ्यात जड वाटणाऱ्या कोर्सची पहिली असाइनमेंट पहिल्याच आठवड्यात, शेवटच्या तारखेची वाट न बघता करून टाका. तिला लागलेले तास हा तुमचा खरा अंदाज.

ही घाई अशासाठी की तारखा दोन असतात आणि मुलं त्या एकच समजतात. पहिली अ‍ॅड-ड्रॉपची, म्हणजे कोर्स बदलण्याची. ती बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांत संपते. तोवर सोडलेला कोर्स ट्रान्सक्रिप्टवर दिसत नाही आणि फीही सहसा परत मिळते. दुसरी विथड्रॉवलची, सेमिस्टरच्या मध्यानंतर कधीतरी. तेव्हा सोडलात तर ट्रान्सक्रिप्टवर W, म्हणजे विथड्रॉवलचा शेरा लागतो, फी बहुधा जाते आणि ते क्रेडिट फुल-टाइममधून वजा होतात. विद्यापीठाच्या कॅलेंडरवर ही दुसरी तारीख मोठ्या अक्षरांत असते. ती विद्यापीठाची मुदत आहे, व्हिसाची परवानगी नाही. रात्री दोन वाजता बटण दाबलं की पोर्टल मुकाट्याने कोर्स काढून टाकतं. तुमचा व्हिसा एफ-१ आहे हे तिथे कोणी विचारेलच असं नाही. एवढी साधी सूचना दाखवायला काय हरकत आहे, हे कळत नाही.

सोडल्यावर क्रेडिट कमी पडणार असतील तर आधी डीएसओची, म्हणजे इंटरनॅशनल ऑफिसात एफ-१ विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. तिला रिड्यूस्ड कोर्स लोड म्हणतात. 'आधी' हा शब्द महत्त्वाचा आहे. कोर्स सोडून दुसऱ्या दिवशी गेलात तर डीएसओला मागच्या तारखेची परवानगी देता येत नाही.

कारणंही मोजकी आहेत. शैक्षणिक कारणात इंग्रजी किंवा वाचनाची सुरुवातीची अडचण, तिथल्या शिकवण्याच्या पद्धतीची ओळख नसणं आणि चुकीच्या पातळीच्या कोर्सला बसवलं जाणं एवढंच येतं. यासाठी प्रोफेसर किंवा अ‍ॅडव्हायजरचं पत्र बहुतेक ठिकाणी मागतात. ही सवलत एका डिग्रीत एकदाच मिळते, तरीही किमान ६ क्रेडिट ठेवावे लागतात आणि पुढच्या सेमिस्टरला पुन्हा फुल-टाइम व्हावं लागतं. जीपीए घसरेल, पैसे कमी पडताहेत, नोकरीचे तास जुळत नाहीत ही कारणं चालत नाहीत. अर्जात तीच लिहून मुलं नकार घेऊन येतात, फार वाईट वाटतं. ग्रेड कमी आली तर जीपीए बिघडतो, पण फुल-टाइमची मोजणी तशीच राहते. हा फरक घाबरलेल्या मुलाच्या लक्षातच येत नाही.

आजारपणाची सवलत वेगळी आहे. तीत शून्य क्रेडिटपर्यंत जाता येतं, पण एका डिग्रीत एकूण १२ महिनेच, आणि दर सेमिस्टरला नवा अर्ज करावा लागतो. पत्र परवानाधारक डॉक्टरचं किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं लागतं. घरच्या फॅमिली डॉक्टरने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं पत्र अनेक ऑफिसं घेत नाहीत, त्यांना अमेरिकेतला परवाना हवा असतो. म्हणून तब्येत बिघडतेय असं वाटताच कॅम्पसच्या हेल्थ सेंटरमध्ये दाखवा. शेवटच्या आठवड्यात अपॉइंटमेंट मिळत नाही.

परवानगीविना सोडून बसलेलं कोणी असेल तर लपवू नका, त्याच दिवशी डीएसओला गाठा. स्टेटस गेल्यावर साधारणपणे पाच महिन्यांच्या आत आय-५३९ फॉर्मवर रीइन्स्टेटमेंट, म्हणजे गेलेलं स्टेटस परत, मागता येतं. डीएसओला ज्या कपातीची परवानगी देता आली असती, तशी कपात या अर्जात ग्राह्य कारण धरली जाते. मात्र अर्ज प्रलंबित असताना कॅम्पसवरची नोकरी करता येत नाही.

आता ३० क्रेडिटच्या डिग्रीचा हिशोब करून बघा. दर वेळी तीन कोर्स घेतले तर ९, ९, ९ आणि शेवटी ३ उरतात. शेवटच्या सेमिस्टरला राहिलेले तेवढेच क्रेडिट चालतात, पण तेव्हाही रिड्यूस्ड कोर्स लोडचा अर्ज भरावाच लागतो, आणि एकच कोर्स उरला असेल तर तो ऑनलाइन चालत नाही. एका सेमिस्टरला चार घेतले तर १२, ९, ९ असं तिसऱ्यातच संपतं. चारचं सेमिस्टर पहिलं ठेवू नका, दुसरं किंवा तिसरं ठेवा. आणि डिग्री लवकर संपत असेल तर आय-२० या विद्यापीठाच्या कागदावरची कोर्सची शेवटची तारीखही अलीकडे येते हे लक्षात ठेवा. ओपीटीचा, म्हणजे डिग्रीनंतर नोकरी करण्याच्या परवानगीचा अर्ज त्या तारखेच्या जास्तीत जास्त ९० दिवस आधीपासून करता येतो, त्यामुळे चौथा कोर्स घेतलात की त्याच आठवड्यात डीएसओकडून नवी तारीख विचारून घ्या.