पडेल दराने विकणं म्हणजे दुसऱ्यांना संपवणंच का?

“बाजारात एकटाच असलेला विक्रेता खर्चाहून कमी दराने विकत असेल, तर दुसऱ्यांना संपवायचाच डाव असतो.”

तसं असूही शकतं, पण नेहमीच नाही. समजा, हिंगण्यातल्या एका कारखान्याशिवाय संत्री सोलायचं यंत्र कोणीच बनवत नाही, म्हणजे संपवायला समोर कोणी नाही. आज एका यंत्राचा खर्च 10,000 रुपये. दर 12,000 ठेवला तर वर्षाला 20 यंत्रं जातात आणि 40,000 नफा होतो. दर 9,000 केला तर 50 जातात, पण 50,000 चा तोटा.

मात्र हात बसतो तो केलेल्या नगांवर. वेल्डिंग पुन्हा करावं लागत नाही, पत्रा कमी वाया जातो. समजा, 20 यंत्रांनंतर खर्च 9,000 वर येतो, 50 नंतर 7,000 वर. पुढच्या वर्षी 11,000 ला 60 यंत्रं गेली, तर पहिल्या वाटेने 1,20,000 मिळतात, दुसऱ्या वाटेने 2,40,000. दोन वर्षांची बेरीज 1,60,000 विरुद्ध 1,90,000. पुढच्या रकमेतून 10 टक्के व्याज वजा धरलं तरी दुसरी वाटच सरस.

म्हणजे आजच्या यंत्राचा खरा खर्च 10,000 नाहीच. त्याने उद्या वाचणारे पैसे त्यातून वजा करायचे. माझ्या मते सगळी गफलत इथेच होते.

पडताळायचं असेल तर एकूण नगांसमोर दर नगाला लागलेले मजुरीचे तास मांडा. नग वाढताना तास उतरत असतील, तर हे कारण पटतं. तास स्थिरावले, जुने कारागीर सोडून गेले आणि तरीही दर खर्चाखालीच असेल, तर मात्र संशय रास्त आहे.