बदलतं कोण, शरीर की जिवाणू?

‘सारखं अँटिबायोटिक घेतलं की शरीराला त्याची सवय होते, मग ते लागू पडत नाही.’

सवय शरीराला होत नाही. बदलतात ते जिवाणू. सर्दी विषाणूंमुळे होते, तिच्यावर अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकचा काहीच उपयोग नाही. पण ती गोळी आतड्यातल्या निरुपद्रवी ई. कोलाय जिवाणूंना मात्र मारते. त्यांतल्या काहींकडे औषधाचा रेणू तोडणारं बीटा-लॅक्टमेज हे विकर आधीपासूनच असू शकतं. ते तगतात, मोकळ्या जागेत फोफावतात आणि विकराचं जनुक प्लाझ्मिड या डीएनएच्या कड्यावरून शेजारच्या जिवाणूंनाही देतात. पुढे हेच ई. कोलाय मूत्रमार्गात शिरले, की अमॉक्सिसिलिन फसतं; लघवीच्या कल्चर तपासणीत ते कळतं. आणि हो, असे जिवाणू कधीच गोळी न घेतलेल्या माणसाकडेही पोचू शकतात.